मोडांना वाफ, दुधाला उकळी, अंड्याला आंच

मटकीला मोड आणणं मराठी घरात इतकं सवयीचं आहे की त्यात काही धोका असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. सकाळी मटकी भिजत घालायची, संध्याकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि गाठोडं उबेच्या जागी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की पांढरे कोंब बाहेर आलेले असतात. पूर्वी या मोडांची वाट ठरलेली असे. त्यांची उसळ व्हायची, मिसळ व्हायची, वालाचे असतील तर बिरडं व्हायचं. म्हणजे काहीही केलं तरी ते फोडणीत पडायचे आणि झाकणाखाली चांगले शिजायचे. गेल्या काही वर्षांत मात्र मोड कच्चेच खाण्याची पद्धत घरोघरी आली. वर कांदा, टोमॅटो, चाट मसाला, लिंबू घातलं की नाश्ता तयार. व्यायामशाळेबाहेर आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर असे वाडगे विकायला असतात. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायकांनाही ते हौसेनं सुचवले जातात.

कच्चे मोड, न तापवलेलं दूध आणि अर्धवट शिजलेलं अंडं हे तिन्ही पदार्थ ‘ताकद जशीच्या तशी मिळावी’ म्हणून खाल्ले जातात. तिन्हींत जंतू शिरण्याची वाट वेगळी आहे. त्यांतले मोड सगळ्यांत फसवे आहेत, कारण त्यांच्यापासून होणाऱ्या आजाराची कल्पना बहुतेकांना नसते. म्हणून आधी त्यांच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

जर्मनीतला तो उन्हाळा

मे २०११मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तीन मुलांची मूत्रपिंडं अचानक काम करेनाशी झाली. आधी रक्ताचे जुलाब, मग लघवी कमी होणं, चेहरा पांढराफटक पडणं, अशी सगळ्यांची सारखीच कहाणी होती. या आजाराला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. ई. कोलाय जंतूंच्या काही जाती एक विष तयार करतात. ते रक्तात उतरलं की तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. एरवी हा आजार लहान मुलांत दिसतो. या वेळी मात्र रुग्णालयांत धडधाकट मोठी माणसं भरती होऊ लागली आणि त्यांत बायकांचं प्रमाण बरंच जास्त होतं.

काय खाल्लं होतं, असं विचारल्यावर रुग्ण काकडी, टोमॅटो, सॅलडची पानं अशी नावं सांगत. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांना स्पेनहून आलेल्या काकड्यांवर ई. कोलाय सापडला आणि त्यांनी तसं जाहीर केलं. युरोपभर लोकांनी काकड्या घेणं थांबवलं, स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला. काही दिवसांत कळलं की काकडीवरचा जंतू वेगळ्याच जातीचा होता. इकडे रुग्ण वाढतच होते.

खरं कारण सापडलं ते तपासाची पद्धत बदलल्यावर. रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट या जर्मनीच्या सरकारी साथरोग संस्थेच्या लोकांनी एक उपाहारगृह निवडलं. तिथे गटागटानं जेवून गेलेल्यांपैकी काही जण आजारी पडले होते. कुणाला काय आठवतं, यावर त्यांनी भर दिला नाही. कुणी कोणता पदार्थ मागवला होता त्याच्या नोंदी आणि जेवताना काढलेले फोटो त्यांनी पाहिले. मग स्वयंपाक्याला गाठून प्रत्येक पदार्थात नेमकं काय काय पडतं ते लिहून घेतलं. हिशेब जुळवल्यावर दिसलं की आजारी पडलेल्या सगळ्यांच्या ताटात मोड होते. ते सजावटीपुरते, चिमूटभर, सॅलडवर भुरभुरलेले. म्हणूनच रुग्णांना ते खाल्ल्याचं आठवत नव्हतं. मोड खाल्लेल्यांना आजार होण्याचं प्रमाण न खाल्लेल्यांच्या चौदा पट निघालं.

दुसऱ्या बाजूनं, माल कुठून आला याचा माग काढणारे लोक जर्मनीच्या उत्तर भागातल्या बीननब्युटल गावाजवळच्या एका मोड उत्पादकापर्यंत पोचले. ४१ ठिकाणी रुग्णांचे पुंजके सापडले होते आणि त्या सगळ्या ठिकाणी मोड याच उत्पादकाकडून गेले होते. १० जूनला सरकारनं जाहीर केलं की कारण मोडच आहेत. जुलैच्या अखेरीस साथ संपल्याचं सांगितलं गेलं, तोपर्यंत ३,८००हून अधिक लोक आजारी पडले होते. त्यांतल्या साडेआठशेच्या आसपास लोकांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली.

आपल्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट फ्रान्समध्ये घडली. ८ जूनला बोर्दो शहरालगतच्या बेग्ल गावात मुलांच्या एका केंद्राचा कार्यक्रम होता. तिथल्या लोकांनी बागेच्या सामानाच्या दुकानातून बियांची पाकिटं आणून मोड स्वतःच आणले होते आणि ते पाहुण्यांच्या थंड सूपवर व भाज्यांवर घातले होते. जर्मनीतल्या त्या उत्पादकाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी तिथेही नेमका त्याच जातीचा ई. कोलाय निघाला. दोन्ही ठिकाणांत सामाईक होते ते मेथीचे दाणे. इजिप्तमधून २००९च्या अखेरीस आलेल्या मेथीच्या एकाच खेपेतून काही माल जर्मनीत आणि काही फ्रान्समध्ये गेला होता. त्या दाण्यांवर प्रत्यक्ष जंतू काही सापडला नाही. कदाचित हजारो दाण्यांत एखाद्यावरच तो असेल. पण कागदपत्रांचा सगळा माग त्या एका खेपेशीच येऊन थांबत होता.

‘आम्ही बाहेरचे मोड खात नाही, घरी आणतो’ असं म्हणताना बेग्ल आठवायला हवं. तिथले मोड घरगुतीच होते, स्वच्छ हातांनी आणि ताज्या पाण्यात आणलेले. जंतू दाण्याबरोबर आला होता.

दाण्यावरचा एक जंतू

मटकी, मूग, मेथी हे शेवटी शेतातलं पीक आहे. शेतात शेणखत पडतं, गुरं फिरतात, पाणी कधी गढूळ असतं. मळणीच्या वेळी आणि गोदामात पाखरं, उंदीर येतात. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला किंवा ई. कोलाय दाण्यावर येऊ शकतो. दाण्याच्या सालीला बारीक चिरा असतात, त्यांत तो दडून बसतो. कोरड्या दाण्यात त्याची वाढ होत नाही, पण तो मरतही नाही. महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ तो तग धरतो. मेथीची ती खेप युरोपात पोचल्यावर दीड वर्षानं साथ आली, यावरून याची कल्पना येईल.

असा दाणा आमटीत पडला तर काहीच बिघडत नाही, कारण तो शिजतो. मोड आणताना मात्र त्याला जंतू वाढायला लागतं ते सगळं मिळतं. पाणी असतं, ऊब असते, आणि अंकुरताना दाण्यातून पाझरणारी साखर व प्रथिनंही असतात. समजा अशा उबेत एक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार असं करत दहा तासांत वीस वेळा दुप्पट होऊन त्याचे दहा लाखांवर जंतू होतात. मटकीचं गाठोडं तर रात्रभर बांधून ठेवलेलं असतं. विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या काही जाती शंभरहूनही कमी संख्येनं पोटात गेल्या तरी आजार होऊ शकतो.

मग नीट धुतले तर? दुर्दैवानं धुण्यानं हा प्रश्न सुटत नाही. वाढणारे जंतू कोंबाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात आणि काही आतल्या पेशींमध्येही शिरतात. पाण्यानं वरवरचे थोडे जातात, बाकीचे राहतात. मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर लावून पाच मिनिटं ठेवल्यानंही ते मरत नाहीत. मोठे उत्पादक पेरण्यापूर्वी बिया तीव्र क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात आणि मोडांवरून वाहून गेलेल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करतात. तरीही शंभर टक्के खात्री देता येत नाही, असं तेच सांगतात. घरी तर यातलं काहीच शक्य नसतं.

वास आणि रूप यांवरही भरवसा ठेवता येत नाही. मोड बुळबुळीत झाले, आंबूस वास आला, कोंब तपकिरी पडले तर ते टाकून द्यावेत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ती नासवणाऱ्या जंतूंची लक्षणं आहेत. साल्मोनेला आणि ई. कोलाय असलेले मोड दिसायला पांढरेशुभ्र, करकरीत आणि चवीला गोडसर असू शकतात.

मोड सोडायचे नाहीत, वाफवायचे

उपाय साधा आहे आणि तो आपल्याच स्वयंपाकात आहे. मोड आणताना घ्यायची काळजी आणि खाण्यापूर्वी द्यायची आंच, एवढ्या दोनच गोष्टी पाळायच्या.

दाणे किराणा दुकानातून, खाण्यासाठी म्हणून विकले जाणारेच घ्या. पेरणीच्या बियाणाला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते मोडांसाठी चालत नाही. निवडताना फुटके, किडके, डागाळलेले दाणे काढून टाका. तीन-चार पाण्यांनी धुऊन उकळून गार केलेल्या पाण्यात आठ तास भिजवा. मग ते पाणी ओतून द्या, कारण दाण्यावरचं जे काही सुटलं ते त्यातच असतं. फडकं दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवा. मोड यायला ठेवल्यावर दिवसातून दोनदा धुऊन निथळा. कोंब धान्याइतके लांब झाले की थांबा आणि मोड लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. या सगळ्यानं जंतूंची वाढ रोखली जाते, पण आधीपासूनचे जंतू मरत नाहीत. मारायचं काम उष्णतेचं.

ते नीट व्हायचं तर एका मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा. वाटीभर मोड त्यात सोडले की पाणी क्षणभर शांत होतं. ते पुन्हा उकळू लागलं की तिथपासून दोन मिनिटं मोजा आणि मग मोड चाळणीत काढा. एकदम खूप मोड टाकले तर पाणी थंड पडतं आणि मधले दाणे कोमटच राहतात, म्हणून थोडे थोडे घाला. चाळणीतल्या मोडांवर वरून उकळतं पाणी ओतण्याची पद्धतही दिसते. ती पुरेशी नाही, कारण पाणी खाली झिरपेपर्यंत त्याची उष्णता निघून जाते. इडलीपात्रात वाफवायचे असतील तर पातळ थर करून पाच-सात मिनिटं चांगली वाफ द्या. एक दाणा चिमटीत दाबून पाहा, तो आतपर्यंत गरम हवा. असे मोड बऱ्यापैकी करकरीत राहतात आणि कोशिंबिरीत, भेळेत छान लागतात.

वाफवल्यानं जीवनसत्त्वं जातील, ही शंका हमखास येते. क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं हे खरं आहे, आणि वाढताना लिंबू पिळलं की ते भरूनही निघतं. प्रथिनं, लोह, तंतू जागेवरच राहतात. उलट कच्च्या कडधान्यातले प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे काही घटक उष्णतेनं निष्प्रभ होतात, त्यामुळे वाफवलेले मोड पोटाला हलके पडतात. कच्चे मोड खाल्ल्यावर ज्यांचं पोट गुबारतं, त्यांना याचा फरक लगेच कळेल.

धारोष्ण दुधाचा मोह

दुधाचं थोडं वेगळं आहे. मोडांत जंतू बाहेरून येतात आणि वाढतात. दुधात ते दोन्ही वाटांनी येतात. धार काढताना कासेवरचं शेण, हात, भांडं, गोठ्यातली धूळ यांतून येणारे जंतू स्वच्छता पाळून कमी करता येतात. पण काही जंतू आजारी जनावराच्या कासेतूनच दुधात उतरतात. तिथे स्वच्छ हात आणि चकचकीत भांडं यांचा काही उपयोग होत नाही.

यांतला आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा जंतू म्हणजे ब्रुसेला. त्याची कथा भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सुरू होते. तिथले ब्रिटिश सैनिक महिनोन् महिने तापानं खितपत पडत. १८८७मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं या तापाचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळत नव्हतं. १९०५मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरनं बेटावरच्या शेळ्या तपासल्या. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, पण त्यांच्यात तोच जंतू होता. सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं कमी झाला.

गाई-म्हशींत हा रोग असला की दिवस भरत आलेलं जनावर गाभडतं. ते पुन्हा उभं राहतं, दूध देऊ लागतं आणि वरून काहीच कळत नाही. माणसात मात्र तो खूप छळतो. ताप येतो आणि जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात, अंगात त्राण राहत नाही. मलेरिया, टायफॉइड, कधी क्षय समजून उपचार होत राहतात. नेमकं निदान झाल्यावरही दोन औषधं मिळून सहसा सहा आठवडे घ्यावी लागतात. गाईचा क्षयही कच्च्या दुधातून माणसात येऊ शकतो.

धारोष्ण दूध हा शब्द आपल्याकडे आदरानं उच्चारला जातो. ज्यांचं लहानपण गोठ्याजवळ गेलं, त्यांना पेल्यात थेट पडणाऱ्या त्या धारेची चव आठवते. ती आठवण जपावी, पण घरातल्या मुलाला आज ते दूध देऊ नये. रोज पिऊनही काही झालं नाही, असं सांगणारे पुष्कळ असतात आणि ते खरंच सांगत असतात. त्यांच्या गोठ्यात रोग नव्हता. आज तो आहे की नाही, हे जनावराकडे बघून सांगता येत नाही.

पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात आणि लगेच थंड करतात. ब्रुसेला, क्षयाचा जंतू, साल्मोनेला, ई. कोलाय हे सगळे त्यात मरतात. घरी दूध उकळलं की याहून जास्त उष्णता मिळते. फक्त साय धरून दूध वर आलं म्हणजे सगळं दूध उकळलं असं होत नाही. सायीखाली वाफ कोंडते आणि दूध लवकर फुगतं. म्हणून मधून मधून ढवळा, उकळी आल्यावर आच कमी करून दोन मिनिटं ठेवा. मग पातेलं थंड पाण्यात ठेवून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. ‘कोमट केलं’ म्हणजे ‘तापवलं’ नव्हे, हे लहान मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवा.

पिशवीतलं दूध पाश्चरीकृत असतं. ते डेअरीपासून घरापर्यंत सतत थंड राहिलं असेल तर तसंच पिता येतं. पण पहाटे दारात टांगलेली पिशवी तासभर उबेत राहते, दुकानाबाहेर क्रेट उन्हात असतात. त्यामुळे ते एकदा उकळण्याची आपली सवय चांगलीच आहे. काचेच्या बाटलीतून घरपोच येणाऱ्या दुधावर ‘फार्म फ्रेश’, ‘ए टू’, ‘सेंद्रिय’ असं लिहिलेलं असतं. यांतल्या एकाही शब्दावरून ते पाश्चरीकृत आहे की नाही हे कळत नाही. लेबलवर तो शब्द शोधा, नसेल तर दूध कच्चं समजून उकळा. पूजेच्या पंचामृतात कच्चं दूध घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे. देवाला अभिषेक कच्च्या दुधाचा करा, पण तीर्थ म्हणून हातावर द्यायचं पंचामृत उकळून गार केलेल्या दुधाचं करा. तीर्थ घेणाऱ्यांत घरातली आजीही असते आणि गरोदर सूनही.

उकळण्यालाही मर्यादा आहे. दूध बराच वेळ उबेत राहिलं आणि त्यात काही जंतूंनी विष तयार केलं, तर जंतू मेले तरी त्यांतलं काही विष उकळूनही टिकतं. म्हणून सुट्टं दूध आल्या आल्या तापवायचं, दुपारपर्यंत ओट्यावर ठेवायचं नाही. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस दिली जाते. जनावर गाभडलं तर वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नये, कारण त्यांतून हा रोग दुधाइतकाच सहज माणसात येतो.

अंड्याच्या आतून

अंड्याचं कवच पुसून स्वच्छ केलं की काम झालं, असं वाटतं. विष्ठेतले जंतू कवचावर असतात हे खरंच आहे. पण साल्मोनेला एंटेरिटायडिस ही जात कोंबडीच्या अंडाशयात राहते आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरते. कोंबडी आजारी दिसत नाही, अंडं स्वच्छ आणि ताजं असतं. पाण्यात बुडणारं अंडं ताजं आणि तरंगणारं शिळं, ही परीक्षा अंड्याचं वय सांगते. आतल्या साल्मोनेलाबद्दल ती काहीच सांगत नाही.

सुरुवातीला असे जंतू अगदी मोजके असतात आणि पांढऱ्या बलकातले घटक त्यांना वाढू देत नाहीत. अंडं उबेत पडून राहिलं की पिवळ्या बलकाभोवतीचा पडदा सैल होतो. जंतूंना आतलं लोह आणि पोषण मिळतं आणि ते झपाट्यानं वाढतात. म्हणून अंडी फ्रिजमध्ये ठेवा आणि तडकलेली घेऊ नका. आणल्या आणल्या ती धुऊन ठेवू नका, कारण ओलसरपणाबरोबर कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाऊ शकते. धुवायचीच तर फोडण्याआधी धुवा.

ब्रिटनमध्ये १९८८च्या डिसेंबरमध्ये एडविना करी या आरोग्य खात्याच्या मंत्र्यांनी देशातल्या बहुतांश अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची लागण असल्याचं विधान केलं. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्या वादानंतर तिथल्या उत्पादकांनी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देण्याची पद्धत बसवली आणि त्या अंड्यांवर सिंहाची खूण छापली जाऊ लागली. रुग्ण इतके घटले की २०१७मध्ये तिथल्या अन्न विभागानं ही खूण असलेली अंडी गरोदर बायका आणि लहान मुलांनाही पातळ बलकासह चालतील, असं सांगितलं. परदेशी पाककृतींत पातळ बलकाचं अंडं निर्धास्तपणे सुचवलेलं दिसतं, त्यामागे कोंबड्यांचं हे लसीकरण आहे. आपल्या किराणा दुकानातल्या सुट्ट्या अंड्यांवर अशी खूण नसते. म्हणून ती सूट आपल्याला लागू होत नाही.

घरी एवढं केलं तरी पुरे: उकडताना पाणी उकळल्यावर दहा मिनिटं मोजा. हाफ फ्राय आवडत असेल तर ते उलटून बलक घट्ट होऊ द्या. ऑम्लेट आणि बुर्जीत ओलसर चकाकी राहू देऊ नका. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट झालं की अंडं सुरक्षित तापमानापर्यंत पोचलं, असं समजायला हरकत नाही.

तालमीत दुधात कच्चं अंडं फोडून पिण्याची जुनी पद्धत आहे आणि आता व्यायामशाळेतही ती दिसते. यात धोका आहेच, शिवाय फायदाही कमी आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८मध्ये मोजून दाखवलं की शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम ५० टक्के. ताकदीसाठी अंडं खाणाऱ्यानं ते उकडूनच खावं.

कच्च्या अंड्याचा सध्याचा मोठा स्रोत मात्र मेयोनीज आहे. कच्चा बलक आणि तेल घुसळून केलेलं हे पांढरं मिश्रण मोमो, शोरमा, सँडविच यांबरोबर मिळतं. गाडीवर ते तासन् तास उन्हाच्या झळांत उघडं असतं. एक दूषित अंडं मोठ्या भांड्यात पडलं तर त्या दिवशीचं प्रत्येक गिऱ्हाईक ते खातं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला मोमो खाल्ल्यावर अनेक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर तेलंगण सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. केरळनं त्याआधी, २०२३च्या जानेवारीत, असंच पाऊल उचललं होतं आणि २०२५मध्ये तामिळनाडूनंही ते उचललं. गाडीवर मेयोनीज अंड्याचं आहे का, असं विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर ते नको म्हणा. घरी करायचं तर बिनअंड्याचं करा.

कुणी अजिबात धोका घेऊ नये, आणि त्रास झाला तर

निरोगी तरुण माणसाला बहुतेक वेळा दोन-तीन दिवस जुलाब होऊन बरं वाटतं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, साठीच्या पुढची माणसं, केमोथेरपी चालू असलेले किंवा मूत्रपिंड बदललेले रुग्ण यांचं तसं नसतं. त्यांच्या ताटात कच्चे मोड, न तापवलेलं दूध आणि पातळ बलक येऊच देऊ नये. नेमके याच लोकांना आपण ‘पौष्टिक’ म्हणून हे पदार्थ आग्रहानं देतो, म्हणून हे स्पष्टपणे सांगायला हवं.

जुलाब लागले तर पाणी आणि ओआरएस थोडं थोडं सतत द्या. शौचातून रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल किंवा मूल सुस्त पडत असेल, तर घरी थांबू नका. रक्ताचे जुलाब असताना जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक आपल्या मनानं देऊ नका. ई. कोलायच्या काही जातींत त्यानं मूत्रपिंडाला अपाय होण्याची शक्यता वाढते. जुलाब थांबल्यावरही आठवडाभर लघवीवर लक्ष ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास बऱ्याचदा पोट सुधारत असतानाच सुरू होतो. लघवी कमी झाली किंवा चेहरा फिकट पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना मागच्या आठ-दहा दिवसांतलं खाणं सांगा. पदार्थावर वरून काय घातलं होतं, हेसुद्धा सांगा. ताप आठवड्याहून जास्त रेंगाळत असेल तर कच्चं दूध प्यायलात का आणि गुराढोरांत वावर आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून बोला. तेवढ्या माहितीवर ते ब्रुसेलाची रक्ततपासणी सांगू शकतात, आणि महिनोन् महिने चाललेला ताप सहा आठवड्यांच्या उपचारानं बरा होऊ शकतो.